‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ऐवजी तुम्ही काय लिहिता? (अनुभव धागा)

मृणाल_कोल्हापूर

मी एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघते. कास्टिंग अमेरिकेला जातात आणि तिकडच्या खरेदी विभागाशी दिवसभर मेलामेली चालते. एका पॅलेटवर किती नग बसतात, हे कळवलेलं असतं, पॅकिंग लिस्ट जोडलेली असते, तरी चार दिवसांनी तोच प्रश्न येतो. मग बोटं आपोआप ‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ टाईप करतात.

आमच्या साहेबांचं म्हणणं, हे वाक्य समोरच्याला ‘डोळे उघडून वाचा’ असं ऐकू जातं. मान्य. पण नुसतं उत्तर पुन्हा दिलं, तर हे आधीच कळवलं होतं ही गोष्ट कुठेच उरत नाही, आणि पुढे पॅकिंगवरून वाद निघाला की तीच लागते. टोमणा जाईल पण नोंद राहील, असं तुम्ही काय लिहिता? प्रत्यक्ष वापरलेलं सांगा.

झटपट

सोप्पंय. मागचं काढायचंच नाही. जुन्या मेलमधलं उत्तर कॉपी करून पुन्हा चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

बापू_निवृत्त

आम्ही जिल्हा परिषदेत होतो, ईमेल नोकरीच्या शेवटी शेवटी आला. पण कागदावर हा प्रश्न सुटलेला होता. पत्राच्या डोक्यावर विषय, त्याखाली संदर्भ : १) या कार्यालयाचे पत्र जा. क्र. अमुक, दि. तमुक. २) आपले पत्र, दि. तमुक. खाली मजकुरात फक्त ‘संदर्भ क्र. १ अन्वये कळविल्याप्रमाणे’. पहिल्यांदा लिहा की चौथ्यांदा, साचा तोच, त्यामुळे कोणाला लागत नसे. जावक क्रमांक असल्यामुळे समोरचा कारकून पाच मिनिटांत फाइल काढायचा. चिडल्याचं दाखवायचंच असेल तर त्याचीही सोय होती : वर ‘स्मरणपत्र क्र. ३’ लिहून खाली ठसठशीत रेघ!

निशिगंधा

बापूकाकांनी मर्म सांगितलं. जावक क्रमांक आणि तारीख म्हणजे पत्ता असतो. ‘माय लास्ट ईमेल’ हा पत्ता नाही. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेशन करते, क्लायंट कॅलिफोर्नियात. मधे दुसऱ्या विषयावर दोन मेल गेले असतील, तर ‘लास्ट’ नक्की कोणता? वाचणारा शेवटचा उघडतो, त्यात काही सापडत नाही, आणि तो पुन्हा विचारतो.

दुसरं, रिप्लाय केला की जुन्या मेलची अटॅचमेंट पुढे जात नाही, फॉरवर्ड केला तरच जाते. मधेच सीसीत आलेल्या माणसाला खालचा जुना मजकूर दिसेल, तोही जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मागे दडलेला, पण पीडीएफ त्याच्याकडे कधी आलेलीच नसते. आपण त्याला ‘आधी पाठवलंय’ म्हणतो, आणि त्याच्यापुरतं ते खोटं असतं.

म्हणून मी आधी उत्तर देते, मग पत्ता. मृणालताईंच्या बाबतीत, आकडे माझ्या मनाचे :

‘एका पॅलेटवर २४ नग, एकूण वजन ६१० किलो. पूर्ण तपशील माझ्या ३ जूनच्या मेलला जोडलेल्या `Packing_List_R2.pdf` च्या पान २ वर आहे. सोयीसाठी तीच फाइल इथे पुन्हा जोडली आहे. त्यानंतर काही बदल नाही.’

इंग्रजीतही वाक्यांचा क्रम हाच. यात ‘ऑलरेडी’ नाही, ‘प्लीज नोट’ नाही, ‘काइंडली रेफर’ नाही. टोचतात ते हेच शब्द. तारीख कोणाला टोचत नाही. आणि नोंद? ती ‘३ जूनच्या मेलला जोडलेल्या’ एवढ्यात आली.

झटपट

पण मी म्हणतो त्याच्यात आणि ह्यात फरक काय? उत्तर दोघंही पुन्हा देतोय.

निशिगंधा

पहिलं अर्धं तुमचंच आहे, आणि ते बरोबरही आहे. फरक शेवटच्या वाक्यात. पत्ता न देता आकडे पुन्हा टाईप केले आणि ६१०चे ६०१ झाले, तर समोरच्याकडे दोन मेल, दोन आकडे. तो नवा खरा धरणार, कारण माणूस असं समजतो की नंतरचा म्हणजे सुधारलेला. ‘काही बदल नाही’ म्हटलं की मूळ कागद कोणता ते ठरतं. बदल असेल तर तसंच लिहावं : ‘३ जूनच्या मेलमधलं वजन आता लागू नाही, नवं खाली.’

गौरी_ठाणे

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर मेसेज बघून गप्प बसतात! निळ्या टिका दिसतात. गळतीबद्दल कितीदा लिहिलं. त्यांना काय लिहू म्हणजे उत्तर देतील?

मृणाल_कोल्हापूर

गौरीताई, तुमचे उत्तरच देत नाहीत, माझे पुन्हा विचारतात. दुखणं वेगळं आहे हो.

बापू_निवृत्त

गौरीताई, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पुढच्या अर्जात संदर्भ म्हणून त्या पोचेची तारीख टाका.

सांगलीकर_डेट्रॉइट

मी पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणजे असे मेल मला येतात. तारखेबद्दल दोन गोष्टी. ०३/०६ असं लिहू नका, इथे ते ६ मार्च होतं. महिना अक्षरांत लिहा. आणि तुम्ही ३ जूनला सकाळी ९ला पाठवलेला मेल मला २ जूनच्या रात्री साडेअकराला आलेला दिसतो. मी ३ तारखेचा मेल शोधत बसतो आणि तो नसतोच. तारखेसोबत मेलचा विषय लिहिलात तर लगेच सापडतो.

आणखी एक, पुन्हा विचारणारा दरवेळी आळशी नसतो. आमच्याकडे खरेदीवाला विचारतो तेव्हा बऱ्याचदा गोदामवाल्याने त्याला विचारलेलं असतं, आणि त्याला पुढे ढकलता येईल अशी एक ओळ हवी असते. निशिगंधा म्हणतात ती पहिली ओळ मी तशीच उचलून पुढे पाठवतो.

करारवाला

थोडा विरोध नोंदवतो. मी कंत्राटाच्या कामात आहे. समोरचा मुदत टळावी म्हणून मुद्दाम ‘मिळालं नाही’ म्हणत असेल, तर तिथे इतकं गुळगुळीत लिहिणं मला पटत नाही. अशा वेळी मी मूळ मेलच अटॅचमेंट म्हणून जोडतो आणि लिहितो : ‘आमचा १२ मे, दुपारी ४.१० (भारतीय वेळ) चा मेल सोबत जोडला आहे. त्यातील मुद्दा ३ नुसार मुदत २६ मे आहे.’ विशेषण एकही नाही, पण गोड वाटावं असंही काही नाही. आकडे मी मुद्दाम पुन्हा लिहीत नाही, मुदत सोडून.

निशिगंधा

वाद चालू असेल तर ठीक. रोजच्या मेलला मात्र हे नोटिशीसारखं वाटेल.

करारवाला

वाटू दे की. सगळ्या मेलना नाही म्हणत मी.

मृणाल_कोल्हापूर

आज लगेच वापरून बघितलं. विषय आणि महिना अक्षरांत टाकला, लिस्ट पुन्हा जोडली. ‘थँक्स’ एवढंच आलं, त्यामुळे लागलं की नाही ते कळायला मार्ग नाही! आता पुढची अडचण. ड्रॉइंगच्या फाइली जीमेलच्या २५ एमबीत बसत नाहीत, म्हणून ड्राइव्हची लिंक देते. पण डिझाइनवाले त्याच लिंकवरची फाइल बदलतात. मग ‘३ जूनच्या मेलमधली लिंक’ उघडली की आजचं ड्रॉइंग दिसतं, तेव्हाचं नाही.

सांगलीकर_डेट्रॉइट

फाइलच्या नावातच R2, R3 घाला आणि जुनी तशीच राहू द्या. आम्ही पुरवठादारांना तेच सांगतो.

मृणाल_कोल्हापूर

सांगून बघते. डिझाइनवाले म्हणतात फोल्डर तुंबतो. कोणी यावर दुसरं काही केलंय का?