मदत हवी आहे: 'ऊस डोंगा परी'च्या व्हिडिओत बाणच वाकडा दिसतोय!

भजनी_पोरगा:
आमच्या भजनी मंडळासाठी चोखोबांच्या 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' या अभंगाचा व्हिडिओ करतोय. चाल आमचीच आहे, ध्वनिमुद्रण झालंय, सव्वाचार मिनिटांचं. कडवी चार: ऊस, कमान, नदी आणि शेवटी 'चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा'. प्रत्येकात 'काय भुललासी वरलिया रंगा' परत येतं.

ठरवलं होतं ते असं. उसाला वाकडा ऊस आणि गुऱ्हाळात ग्लासभर रस. कमानीला धनुष्यातून सुटणारा बाण, स्लो मोशनमध्ये. नदीला पंढरपूरचं चंद्रभागेचं वळण, ड्रोनने. शेवटी फाटक्या कपड्यातला, कमरेत वाकलेला म्हातारा देवळाकडे बघतो.

कमानीचं दृश्य २४० फ्रेमवर घेतलं, तर बाण सापासारखा वळवळत गेला! गाण्यात 'तीर नोहे डोंगा' आणि पडद्यावर तीरच डोंगा. शिवाय सगळं जोडून पाहिलं तर अंकलिपी वाचतोय असं वाटतं. काय करू?

घाटावरचा:
डोंगी म्हणजे होडी ना? मग नदीच्या कडव्याला चंद्रभागेतल्या होड्या दाखवा, छान दिसतील.

भजनी_पोरगा:
होडीचा अर्थ वेगळा हो. इथे डोंगा म्हणजे वाकडा.

जुना_कॅमेरा:
तुमच्या बाणाचा दोष नाही. दोरी मागून एकदम ढकलते, टोक जागचं हलायला वेळ घेतं, त्यामुळे काडी मधे वाकते आणि उलटसुलट लवत पुढे जाते. लाकडी धनुष्यातून सुटलेला बाण असाच जातो, एरवी डोळ्याला दिसत नाही इतकंच. लक्ष्यात रुतल्यावरही तो थरथरतो, तेही नको. बाण सोडूच नका. बाण करणारा माणूस एक डोळा मिटून, काडी बोटांत फिरवत, ती सरळ आहे का बघतोय, एवढंच दाखवा. कॅमेरा टोकासमोर. मागे धूसर, वाकलेली कमान.

अंकलिपीचं कारण वेगळं आहे. शब्द येतो तीच वस्तू तुम्ही दाखवता. कवीने चार वस्तू सांगितल्यात, पण गोष्ट एकच आहे, वाकड्यातून निघालेलं सरळ. म्हणून प्रत्येक कडव्यात एक सरळ रेषा शोधा. उसात ग्लास नको, चरकाखाली पडणारी रसाची धार घ्या. ती सरळच पडते. रस ताजाच घ्या, थोड्या वेळात काळपट पडतो. पडलेल्या उसाचा शेंडा पुन्हा वर उठतो आणि ऊस गाठीशी कोपरासारखा वाकतो, ते कोपर आधी जवळून दाखवा, मग धारेवर कापा.

उसाचा_फड:
फडाच्या आत शूट करू नका. आम्ही लग्नाआधीचा व्हिडिओ आत केला, पाचटाने हात कापले आणि चेहरे काळे आले. बांधावरून घ्या. मी स्वतः नवरा होतो, आजही बायको ऐकवते!

पंख_ड्रोन:
२५० ग्रॅमखालचा ड्रोन घ्या, परवानगीची कटकटच नाही.

जुना_कॅमेरा:
अर्धं बरोबर. त्या वजनाला पायलट परवाना लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे आणि पोलिसांचे स्थानिक निर्बंध असतातच. पंढरपुरात यात्रेच्या दिवसांत तर आधी विचारल्याशिवाय उडवू नका. आणि काठावर उभं राहून वळण दिसत नाही, म्हणून ड्रोन हवा हे खरं, पण वळण दाखवायची गरज काय? कळशी अर्धी भरा, तिरकी धरा आणि तोंडातून आत बघा. कळशी कितीही कलंडली तरी पाणी सपाटच. 'जल नोहे डोंगे' हे यापेक्षा जास्त कसं सांगणार? फक्त कॅमेरा पाणसळीने सरळ लावा, तो कलला तर सगळं फसलं.

मंगळवेढेकर:
म्हाताऱ्याबद्दल बोलू का? फाटके कपडे आणि वाकलेली पाठ दाखवलीत, म्हणजे 'चोखा डोंगा' तुम्ही बघणाऱ्याच्या नजरेतूनच मान्य केलंत. वरचा रंग पाहून भुललात, अभंग नेमकं तेच करू नका म्हणतो. चोखोबांना देवळात येऊ दिलं नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. तिथून कॅमेरा वर शिखराकडे लावा. पायरीपासून शिखरापर्यंत ती एकच सरळ रेषा. माणूस नकोच.

जुना_कॅमेरा:
रेषा पटली. माणूस नकोच, हे पटत नाही. तीन कडव्यांत बाण करणारा सोडला तर एकही चेहरा नाही आणि चौथ्यातही नाही, मग 'भाव' कुठे दिसणार? मी मंडळातल्याच कुणाचा तरी गातानाचा चेहरा घेईन, रोजच्या कपड्यात.

मंगळवेढेकर:
मग तो सुंदर चेहरा निवडाल, पाहा.

भजनी_पोरगा:
आजच कळशीचं घेऊन पाहिलं. पितळेच्या कळशीत आत अंधार, पाण्याची कडा दिसेना. स्टीलच्या परातीत दिसली, पण परात तिरकी करताच पाणी सांडलं. आता पितळेच्याच कळशीत अर्धंच पाणी भरून, सकाळच्या उन्हात करणार. शेवटच्या कडव्याचं अजून ठरत नाही. मृदंगवाले आमचे अण्णा तयार आहेत, पण म्हणतात, 'मी डोंगाच दिसणार, चालेल का?'