शब्दचर्चा : ‘दर यंत्रतासाचे अंशदान’ म्हणजे तासाचा नफा का?

मुक्ता
कोल्हापूरच्या एका मशिन शॉपसाठी प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करते आहे. त्यात हे वाक्य आहे : ‘यंत्रतास अपुरे असतील तेव्हा ज्या मालाचे दर यंत्रतासाचे अंशदान जास्त, तो माल आधी घ्यावा.’ वाचणारे सुपरवायझर आहेत. ‘तासाचा नफा’ असं सरळ लिहिलं तर चालेल का?

पुस्तिकेतलं उदाहरण असं. व्हीएमसी मशिन एकच, महिन्याला हाताशी 320 तास. ब्रॅकेट 400 रुपयांना विकतो, त्यावर बदलता खर्च 220, मशिनवर 9 मिनिटं, मागणी 800 नग. पंप बॉडी 900 ला, खर्च 540, वेळ 24 मिनिटं, मागणी 300. गिअर हाउसिंग 1500 ला, खर्च 1000, वेळ 40 मिनिटं, मागणी 240.

सेवानिवृत्त
अंशदान म्हणजे पगारातून दरमहा कापली जाणारी रक्कम. राज्य सरकारी नोकरीत 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची जी पेन्शन योजना आली, तिचं नावच ‘परिभाषित अंशदान’. यंत्राच्या तासाला कोण कपात करतं ते कळलं नाही. मूळ मजकुरातच काही घोटाळा असावा.

शिरोलीकर
काका, ते वेगळं. पण शॉपमध्ये अंशदान कोणी म्हणत नाही हेही खरं. याला मशिन अवर रेट म्हणतात, तेच लिहा. आणि उदाहरणाबद्दल म्हणाल तर हाउसिंगला नगामागे 500 सुटतात, पंप बॉडीला 360, ब्रॅकेटला 180. 180 साठी 500 चं काम मागे ठेवा म्हणणारी पुस्तिका सुपरवायझर बाजूला ठेवतील.

जमाखर्च
शिरोलीकर, मशिन अवर रेट लिहिलं तर अर्थ उलटा होईल. तो रेट काढताना आपण मशिनचा घसारा, शेडचं भाडं, ऑपरेटरचा पगार, कर्जाचं व्याज हे सगळं तासांवर वाटतो. म्हणजे तो तासाचा खर्च झाला. अंशदान म्हणजे विक्रीतून फक्त बदलता खर्च वजा करून उरतं ते. कास्टिंग, इन्सर्ट, मशिन चालतं तेवढी वीज, पॅकिंग, बाहेरचं प्लेटिंग एवढंच वजा होतं. भाडं आणि हप्ता ब्रॅकेट काढला तरी द्यायचा, हाउसिंग काढलं तरी तेवढाच द्यायचा, म्हणून काय आधी घ्यायचं हे ठरवताना तो मध्ये आणायचा नाही. ऑपरेटर महिन्याच्या पगारावर असेल तर त्याचा पगारही नाही. नगावर मजुरी देत असाल तर मात्र वजा करा.

मुक्ताताई, ‘नफा’ याच कारणासाठी नको. नफा म्हटलं की सुपरवायझर भाडं-हप्ता वजा करूनच आकडा आणणार, आणि तो बोजा चढल्यावर घेण्यासारखा मालही तोट्यात दिसून गणित बिघडणार.

आता नगामागे 500 विरुद्ध 180. हाउसिंगला 40 मिनिटं लागतात, म्हणजे तासाला दीड नग आणि 750 रुपये. पंप बॉडी तासाला अडीच नग, 900 रुपये. ब्रॅकेट 9 मिनिटांचा, तासाला साडेसहाच्या वर नग, 1200 रुपये. क्रम पूर्ण उलटला. सगळी मागणी पुरवायची तर 120, 120 आणि 160 मिळून 400 तास लागतात, आणि आहेत 320. तुमच्या क्रमाने आधी सगळं हाउसिंग, मग पंप बॉडी घेतली तर ब्रॅकेटला 40 तास उरतात. एकूण अंशदान 1,20,000 + 1,08,000 + 48,000, म्हणजे 2,76,000. ब्रॅकेट आणि पंप बॉडी पुरे करून उरलेल्या 80 तासांत 120 हाउसिंग काढली तर 1,44,000 + 1,08,000 + 60,000, म्हणजे 3,12,000. तेच मशिन, तेवढेच तास, आणि 36,000 चा फरक. भाडं दोन्हीकडे सारखंच.

शिरोलीकर
कागदावर बरोबर आहे. पण 9 मिनिटं हा सायकल टाइम झाला. ब्रॅकेटचं गिऱ्हाईक 800 नग एकदम कधी मागतं? 40-40 चे लॉट येतात. दर लॉटला फिक्श्चर बदला, ऑफसेट घ्या, पहिला नग तपासून घ्या, यात दोन तास जातात. ते कुठे धरले?

जमाखर्च
हा मुद्दा पुस्तिकेत यायलाच हवा, कारण बहुतेक ठिकाणी गणित इथेच चुकतं. 40 चे लॉट म्हणजे 800 नगांना 20 सेटिंग, 40 तास. ब्रॅकेट 120 नाही, 160 तास खातो. 1,44,000 भागिले 160, तासाला 900. पंप बॉडी एका सेटिंगमध्ये महिन्याची निघत असेल तर दोन्ही जवळजवळ बरोबरीत आले. लॉट 200 चे केले तर चार सेटिंग, आठ तास, आणि दर 1125 वर जातो. म्हणजे क्रम लावण्याआधी गिऱ्हाइकाशी लॉटबद्दल बोलणं हेच जास्त फायद्याचं काम. फक्त मोठा लॉट म्हणजे तयार माल पडून राहणार आणि पैसे अडकणार, तेही बघा.

रिजेक्शनचंही असंच. मशिनिंग झाल्यावर नग बाद झाला तर कास्टिंगही गेलं आणि तासही. पंप बॉडीचे 100 पैकी 5 नग बाद धरा. 95 ची विक्री 85,500, खर्च शंभरचा 54,000, उरले 31,500, आणि मशिन चाललं 40 तास. तासाला 900 चे 787 झाले. भंगाराचे थोडे येतील, पण हाउसिंगच्या 750 शी अंतर किती कमी झालं बघा. म्हणून भागताना चांगल्या नगांचं अंशदान घ्यायचं आणि तास मात्र सगळे.

गोकुळ शिरगाव
माझं काम सगळं जॉबवर्कचं. माल पार्टीचा, मी तासाला 600 घेतो. वीज आणि टूल 100 जातात, सुटतात 500. वरच्या हिशेबाने माझ्यासारख्याला कोणी काम देऊच नये आणि मीही घेऊ नये असं झालं की!

जमाखर्च
तसं नाही, दादा. तुमच्या मशिनवर तासाला 500 पेक्षा जास्त देणारं दुसरं काम वाट बघत असेल तरच 600 चं काम टाळायचं. मशिन रिकामं असेल तर तासाची अडचणच नाही, मग 500 सुटतात ते घ्यावेत. पुस्तिकेतल्या शॉपने मात्र हे जॉबवर्क सध्या घेऊ नये. ते घ्यायचं तर तासाला 750 देणारं हाउसिंग मागे सरकतं.

उलट त्यांनी तुमच्याकडे काम द्यावं का, हा खरा प्रश्न. 120 हाउसिंगची मागणी अजून बाकी आहे. 40 मिनिटांना तुमचे 400 रुपये होतात. बाहेर दिलं की त्यांची स्वतःची वीज आणि टूल नगामागे 60 तरी वाचतात असं धरू. 500 मधून जास्तीचे 340 गेले, 160 उरले. वाहतूक आणि तपासणी 160 च्या आत बसत असेल तर दोघांचंही भलं आहे.

गोकुळ शिरगाव
सायकल टाइम माझ्या मशिनवर 40 चा 50 होईल. मशिन जुनं आहे.

जमाखर्च
मग तुमचे 500 झाले. उरतात 60. वाहतुकीतच जातील.

शिरोलीकर
एक सांगा. रविवारी ओटी लावून मशिन चालवलं तर तासाला 1200 सुटतात ना? म्हणजे ऑपरेटर आणि हेल्परला दुप्पट देऊन, वर चहा-नाश्ता धरून हजार रुपये तास गेले तरी परवडेल.

मुक्ता
पुस्तिकेतही तसंच सुचवलंय. ‘जास्तीच्या तासाची किंमत म्हणजे सर्वांत जास्त अंशदान देणाऱ्या मालाचा दर.’

जमाखर्च
तर पुस्तिकेतलं हे वाक्य चुकीचं आहे, ताई. भाषांतर करण्याआधी ज्याची पुस्तिका आहे त्याच्या नजरेला आणा. ब्रॅकेटची 800 ची मागणी नेहमीच्या तासांतच पुरी झाली. रविवारी ब्रॅकेट काढले तर विकणार कोणाला? रविवारच्या तासात हाउसिंगच निघणार, म्हणून त्या तासाची किंमत 750. ओटीचा खर्च हजार असेल तर दर तासाला 250 चा तोटा. आणि हेही 80 तासांपर्यंतच. त्यापुढे मागणीच संपते, जास्तीच्या तासाची किंमत शून्य. मशिन बंद पडून तास गेला तरी नुकसान 750 चंच धरायचं, कारण तेव्हा हाउसिंगच कमी करणार.

शिरोलीकर
हे पटलं. तरी हाउसिंग मागे ठेवायला मी धजणार नाही. तेच गिऱ्हाईक पंप बॉडी पण घेतं. 240 च्या जागी 120 पाठवले तर दोन्ही ऑर्डर उचलून दुसरीकडे देईल.

जमाखर्च
मग ‘इतके नग द्यावेच लागतात’ हा आकडा आधी बाजूला काढायचा आणि क्रम उरलेल्या तासांवर लावायचा. समजा या गिऱ्हाइकाला हाउसिंग किमान 180 आणि पंप बॉडी सगळ्या 300 द्याव्या लागतात. 120 तास ठरलेले, पंप बॉडीचेही 120, ब्रॅकेटला 80 उरतात. एकूण 90,000 + 1,08,000 + 96,000, म्हणजे 2,94,000. गिऱ्हाईक सांभाळायची किंमत महिन्याला 18,000 पडली. देण्यासारखी आहे की नाही ते मालकाने ठरवावं.

मुक्ता
शब्दाकडे परत येते. ‘अंशदान’वर पेन्शनचा शिक्का बसलाय हे वरच दिसलं. शिरोलीकर आणि गोकुळ शिरगाव दोघंही न ठरवता ‘सुटतात’ म्हणतायत. ‘तासामागे सुटणारी रक्कम’ केलं तर?

सेवानिवृत्त
हे समजलं. ‘योगदान’ मात्र करू नका, ते सत्काराच्या भाषणातलं आहे.

जमाखर्च
‘सुटणे’ ऐकायला छान आहे, पण काही दुकानांत सगळा खर्च जाऊन हातात राहतं त्यालाही सुटणं म्हणतात. मी असेन तर पुस्तिकेत ‘कॉन्ट्रिब्युशन’ ठेवीन आणि पहिल्या पानावर बदलत्या खर्चाची यादी देईन. परीक्षेच्या पुस्तकात अंशदान असू दे.

शिरोलीकर
मला ‘सुटणारी रक्कम’च बरी वाटते. यादी द्या म्हणजे झालं. आणखी एक अडचण आहे पण. ब्रॅकेट व्हीएमसीवर 9 मिनिटांत झाला तरी पुढे टॅपिंगला 15 मिनिटं लागतात. टॅपिंग मशिन एकच शिफ्ट चालतं, महिन्याला 160 तास मिळतात.

जमाखर्च
म्हणजे 640 ब्रॅकेटच निघतात. टॅपिंग फक्त ब्रॅकेटला लागत असेल तर सोपं आहे. मागणी 800 ऐवजी 640 धरा. व्हीएमसीचे 24 तास मोकळे होतात, त्यात 36 हाउसिंग जास्त निघतात. एकूण 3,01,200. पण हाउसिंगलाही टॅपिंग लागत असेल तर अडचणीची मशिनं दोन झाली, आणि एका दराने लावलेला क्रम तिथे चालत नाही. दोन्ही मशिनच्या तासांची समीकरणं मांडून सोडवावी लागतील. हाउसिंगला टॅपिंगचे किती होल आहेत?

शिरोलीकर
सहा. वेळ मोजलेला नाही. उद्या घड्याळ लावून सांगतो.