एनपीएसमध्ये इक्विटीचा वाटा ५२व्या वर्षी किती ठेवावा?

चौगुले (बी-३०४): नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत नोकरीला असून माझे वय ५२ आहे. एनपीएसमध्ये ३० लाख जमा आहेत, दरमहा १५ हजार भरतो आणि अॅक्टिव्ह चॉइसमध्ये इक्विटी ७५ टक्के आहे. ती कमी करावी का? मगदूम काकांनी कृपया सांगावे.

मगदूम काका (ए-१०२): चौगुले, वयापेक्षा जमा रक्कम आणि वर्षभराचा भरणा यांचे प्रमाण आधी पाहा. तिशीत तुमच्या खात्यात २ लाख आणि महिन्याचा भरणा ५ हजार असता, तर बाजार ४० टक्क्यांनी पडल्यावर दीड लाखाच्या इक्विटीत ६० हजारांची घट झाली असती, म्हणजे एका वर्षाच्या भरण्याएवढी. आज तुमची इक्विटी साडेबावीस लाखांची आहे. तेवढ्याच पडझडीत ९ लाख जातील आणि तुमचा वर्षाचा भरणा १ लाख ८० हजार असल्याने ही घट पाच वर्षांच्या भरण्याएवढी होते, तर निवृत्तीला आठच वर्षे उरली आहेत. २००८ मध्ये सेन्सेक्स एका वर्षात निम्म्याहून अधिक घसरला होता, त्यामुळे ४० टक्के हा आकडा मी उगाच धरलेला नाही.

ऑटो चॉइसमध्ये वयानुसार वाटे आपोआप बदलतात. त्यातल्या एलसी-५० या पर्यायात इक्विटी ३५व्या वर्षापर्यंत ५० टक्के राहते, नंतर दरवर्षी २ टक्क्यांनी उतरून ५५व्या वर्षी १० टक्क्यांवर येते. तुमच्या वयाला तिथे १६ टक्केच असतील. मला हे फार कमी वाटते, कारण साठीनंतरही वीस-पंचवीस वर्षे महागाई सोसायची असते. माझ्या मते आता ६५, पुढच्या वर्षी ५५ आणि त्यापुढच्या वर्षी ४५ टक्के करावेत. ४५ टक्क्यांना आजच्या रकमेवर तीच पडझड ५ लाख ४० हजारांची, म्हणजे तीन वर्षांच्या भरण्याएवढी ठरते. मात्र अॅक्टिव्ह चॉइसमध्ये हा बदल आपला आपणच करावा लागतो, आणि तो केला की नव्या भरण्याबरोबर जुनी जमाही नव्या प्रमाणात वळते. म्हणूनच टप्प्याटप्प्याने जायचे. आर्थिक वर्षात चार वेळा बदल करता येतो आणि त्यावर कर लागत नाही.

पोवार वहिनी (सी-२०१): काका, उरलेली सगळी रक्कम सरकारी रोख्यांत ठेवली तर ती एफडीसारखी सुरक्षित राहील ना?

मगदूम काका (ए-१०२): नाही वहिनी. सरकार पैसे बुडवणार नाही, पण एनपीएसच्या सरकारी रोख्यांच्या ‘जी’ फंडात लांब मुदतीचे रोखे असतात आणि व्याजदर वाढले की त्यांचा बाजारभाव उतरतो. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला सुरुवात केली, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे या फंडांची एनएव्हीही खाली आली होती. ही घट शेअर्सच्या मानाने लहान असते आणि पुढे वाढीव व्याजातून भरून निघते, पण साठीला लगेच लागणारी रक्कम असेल तर हा चढउतारही लक्षात घ्यावा. चौगुले, तुम्हाला साठीला मुलीच्या शिक्षणासाठी एकरकमी पैसे लागणार असतील, तर ४५ ऐवजी ३५ टक्क्यांपर्यंत या.