मदत हवी आहे: मुलाखतीतल्या शिव्या झाकल्या की बोलण्याची लय मोडते

मातीतला_गडी

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका तालमीच्या जुन्या वस्तादांची लांबलचक मुलाखत मी रेकॉर्ड केली आहे. माणूस ऐंशीच्या पुढचा, आठवणी एकसे एक, पण तोंडात शिवी अशी बसलेली की दर दोन वाक्यांनी येतेच. त्यात राग नसतो, ती त्यांची विरामचिन्हं आहेत. घरच्यांचं म्हणणं असं की तालमीत येणारी शाळकरी पोरं हे ऐकणार, तेव्हा शिव्या झाका, बाकी एक शब्दही कापू नका.

मी ऑडॅसिटीत काम करतो. शिवी सिलेक्ट करून डिलीट केली तर पुढचं वाक्य मागच्यावर येऊन आदळतं आणि वस्ताद घाईत बोलल्यासारखे वाटतात. बीप घातली तर ती कानात घुसते, आणि का कोण जाणे, जरा उशिरा आल्यासारखी वाटते. आवाज साधा ठेवला जाईल आणि त्यांच्या बोलण्याचा ठेका तसाच राहील असं काय करता येईल?

एकच माइक होता. खोलीत पंखा चालू होता.

बोका

बीप हा टीव्हीवाल्यांचा प्रकार. त्यापेक्षा सरळ सायलेन्स करा, जास्त सभ्य वाटतं. डिलीट नका करू, शब्द सिलेक्ट करून Ctrl+L दाबा. तेवढा तुकडा शांत होतो आणि पुढचं काहीच सरकत नाही. त्याआधी एकदा Z दाबा, म्हणजे सिलेक्शनची टोकं शून्यावर जातात आणि 'टक्' येत नाही. विषय संपला.

मातीतला_गडी

बोकाभाऊ, धन्यवाद, Ctrl+L ने लांबी टिकली हे खरं. पण ऐकताना दर शिवीला फोन कट झाल्यासारखं होतं. मोबाइलच्या स्पीकरवर कमी कळतं, हेडफोनवर फारच.

फीतकापे

कारण शिवीबरोबर तुमचा पंखाही बंद पडतोय. आपल्याला वाटतं दोन शब्दांच्या मध्ये शांतता असते; प्रत्यक्षात तिथे पंखा, भिंती, बाहेरचा रस्ता सगळं असतं. डिजिटल शून्यात त्यातलं काहीच नाही. बोकाभाऊंचा Ctrl+L बरोबर आहे, पण ते अर्धं काम झालं. ते भोक खोलीच्या आवाजाने भरायला हवं.

मुलाखतीत वस्ताद गप्प बसलेत असा एखादा सेकंद शोधा. श्वासही नको. तो कॉपी करून खालच्या वेगळ्या ट्रॅकवर बरोबर त्या भोकाखाली ठेवा आणि दोन्ही टोकांना इवलासा फेड द्या. पंखा 'खट खट' करणारा असेल तर ती खट नसलेला तुकडा घ्या, नाहीतर प्रत्येक शिवीच्या जागी तीच खट ऐकू येते आणि कान ती पकडतो. आवाज स्वच्छ करायला नॉइज रिडक्शन वापरणार असाल तर ते या सगळ्याच्या आधी, पूर्ण फाइलवर.

आता बीप की शांतता? 1970 मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एक प्रयोग केला. इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दातला एक 'स' पूर्ण कापला आणि तिथे खोकला बसवला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना शब्द अखंड ऐकू आला, काही गेलंय हे कळलंच नाही. खोकल्याऐवजी नुसती शांतता ठेवली तेव्हा मात्र भोक कुठे आहे ते लगेच कळलं. म्हणजे वर दुसरा आवाज असेल तर मेंदू धरून चालतो की माणूस खाली बोलतच होता. लय टिकवायची असेल तर बीप शांततेपेक्षा सरस ठरते ती यामुळे. तोटाही त्याच गोष्टीत आहे: मेंदू रिकामी जागा भरतो म्हणजे शिवीही भरतो.

उशिरा आल्यासारखी का वाटते ते सांगतो, पण एखादं खरं वाक्य द्या. शिवी फुलीने लिहा.

मातीतला_गडी

हे घ्या. "पट काढायला सांगितलं तर फुली झोपलाय मातीत." फुलीची सुरुवात 'भ'ने. स्क्रीनवर ती 12 मिनिटं 41.32 सेकंदांपासून 41.78 पर्यंत दिसते. मी नेमकी तेवढीच झाकली.

फीतकापे

तिथेच गोम आहे. 'भ' म्हणताना ओठ आधी मिटतात, मग उघडतात. तुम्हाला आलेखावर जो उंचवटा दिसतो तो ओठ उघडल्याचा. मिटण्याचा क्षण त्याच्या आधीचा, आणि तो जवळजवळ सपाट दिसतो म्हणून आपण तो 'तर'चा भाग समजून सोडून देतो. पण 'तर'ची शेपटी ओठांकडे वळलेली असते. कान तेवढ्यावरून ओळखतो की पुढे प-फ-ब-भ पैकी काहीतरी येतंय. शिवी मनात उमटते आणि मग बीप वाजते. म्हणून उशीर.

त्यामुळे सुरुवात मागे सरकवा, साधारण 40 मिलिसेकंद. 41.28 पासून झाका. 'तर'चा शेवट किंचित खाल्ला जाईल, पण 'तर' ओळखू येतोच. शेवटी उलटं करायचं: पुढच्या शब्दाला हात लावायचा नाही. 'झो' कापला गेला तर वाक्य अडखळतं. शांतता 41.78 पर्यंतच ठेवा, पण बीप 41.76 ला संपवा. मधल्या त्या 20 मिलिसेकंदांत फक्त खोलीचा आवाज राहील. 'झोपलाय' मोकळा सुरू झाला की ठेका शाबूत वाटतो.

बीप थेट आवाजाच्या ट्रॅकवर करू नका. नवा मोनो ट्रॅक घ्या, त्यावर 41.28 ते 41.76 सिलेक्ट करा आणि Generate > Tone. साइन, 1000 हर्ट्झ. लांबी सिलेक्शनवरून आपोआप येते, ती बदलू नका. एकदा तपासून बघा: त्या खिडकीत Amplitude 0.8 असेल.

मातीतला_गडी

हो, 0.8 च आहे! मी त्याला हात लावला नव्हता.

फीतकापे

म्हणून कानात घुसते. बोलण्याच्या आवाजात शिखरं असतात आणि मध्ये दऱ्या. बीप सगळी सपाट, एकाच उंचीवर. दोघांची शिखरं सारखी ठेवली तर बीप कितीतरी मोठी वाटणार. 0.1 करा. म्हणजे शिखर उणे 20 डेसिबलवर आणि सरासरी उणे 23 च्या आसपास. मग वस्तादांचं एक वाक्य सिलेक्ट करून त्याची सरासरी Measure RMS मध्ये बघा. बीपची सरासरी त्याच्या दोनेक डेसिबल खाली असली की पुरे. खाली शिवी नाहीच, मग ती दाबायला जोर कशाला? बीपच्या दोन्ही टोकांना 5-10 मिलिसेकंदांचा फेड द्या. Z ने 'टक्' कमी होते, पण दरवेळी जात नाही.

कॉम्प्रेसर वगैरे वापरणार असाल तर फक्त आवाजाच्या ट्रॅकवर, आणि बीप घालण्याआधी. नाहीतर तो बीपला दाबतो आणि तिच्या मागून येणारे शब्द दबलेले निघतात.

रेडिओची_मावशी

आमच्याकडे थेट कार्यक्रमात फोन घ्यायचे तेव्हा आवाज काही सेकंद उशिरा सोडणारं यंत्र असायचं. कोणी वेडंवाकडं बोललं की बटण दाबायचं, तेवढे सेकंद गायब. तुम्ही तसं का करत नाही? एवढी कातरकाम कशाला!

मातीतला_गडी

मावशी, मुलाखत रेकॉर्ड होऊन गेलीय, थेट नाही हो. आणि सेकंदच्या सेकंद गायब केले तर घरचे मला हौद्यात घालतील.

निशिगंध

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या पॉडकास्टला दोघांना दोन माइक असतात. पाहुण्याच्या ट्रॅकवर शिवी पूर्ण बंद केली, बीपही घातली, तरी लांबून कोणीतरी शिवी दिल्यासारखी ऐकू येते. प्रोजेक्ट बिघडलाय का?

फीतकापे

प्रोजेक्ट ठीक आहे, तुमच्या माइकने पाहुण्याचा आवाज ऐकलाय. दोन्ही ट्रॅक त्याच वेळेला बंद करा. तुमच्या ट्रॅकवर शेवट थोडा पुढे न्या, कारण खोलीत घुमलेली शिवी तिथे जास्त रेंगाळते.

बोका

एवढं सगळं कशाला? फक्त मधला स्वर उडवा. पहिलं आणि शेवटचं अक्षर राहू द्या, ठेका आपोआप राहतो. स्टँडअपवाले तेच करतात.

फीतकापे

स्टँडअपमध्ये प्रेक्षकाला शिवी कळावी हाच हेतू असतो. इथे ती कळू नये असा आहे. आणि मराठीत शेवटचा 'च्या' सोडलात तर सुरुवातीची गरजच उरत नाही.

मातीतला_गडी

करून पाहिलं. मुलाखत आधी न ऐकलेल्या चुलतबहिणीला डोळे मिटून बसवलं आणि वाक्याच्या थोडं आधीपासून लावलं. पटाच्या वाक्यात तिला शिवी आहे हे कळलं, कोणती ते सांगता आलं नाही. बीप उशिराची वाटत नाही आता, आणि पंखा चालू राहिल्यामुळे फोन कट झाल्यासारखंही होत नाही.

पण दुसऱ्या एका जागी तिने हसत हसत शिवी पूर्ण सांगितली. तिथे आधी 'तुझ्या' आहे. तो ऐकला की पुढचं कोणालाही कळतं. 'तुझ्या'सकट झाकलं तर बीप जवळजवळ एक सेकंदाची होते आणि अख्खं वाक्य तिच्याखाली जातं.

आणि एक डोक्यात आलं: बीपऐवजी शड्डूचा आवाज लावला तर? तालमीचा आहे, शोभेल.

निशिगंध

शड्डूची कल्पना भारी!

फीतकापे

शोभेल, पण शड्डू क्षणात वाजून विरतो आणि शब्द अर्धा सेकंद चालतो. उरलेल्या जागेत नुसता पंखा राहणार, म्हणजे भोक परत दिसणार. शिवाय ऐकणाऱ्याला वाटेल वस्तादांनी खरंच मांडीवर थाप मारली. बीप निदान सांगते की इथे संपादकाने हात लावलाय. मला बीप बरी वाटते.

'तुझ्या'चं मात्र अवघड आहे. मी असतो तर 'तुझ्या' ठेवला असता. शाळकरी पोरांना ती शिवी बीपमधून कळत असेल तर ती त्यांना आधीपासून येते.

बोका

घरच्यांना हे कारण सांगून बघा, मग आम्हाला कळवा.

रेडिओची_मावशी

मी 'तुझ्या'सकट झाकलं असतं. एक सेकंद लांब वाटतो खरा, पण वाक्याच्या शेवटी असेल तर खपतो. मध्यात असेल तर नाही. कुठे आहे तो?

मातीतला_गडी

शेवटी आहे, मावशी. आणि त्यावर माझं हसू आहे, त्याच माइकवर. शिवीचा शेवट आणि माझ्या हसण्याची सुरुवात एकमेकांत मिसळलीय.

फीतकापे

एकच माइक म्हटल्यावर ते वेगळं होणार नाही. हसण्याची सुरुवात बीपखाली जाऊ द्या आणि हसू चालू असतानाच बीप सोडा. तिथे फेड जरा लांब घ्या, 30-40 मिलिसेकंद, म्हणजे हसू एकदम उगवल्यासारखं वाटणार नाही. आणि मूळ फाइल शिव्यांसकट वेगळी जपा, तिच्यावर सेव्ह करू नका.