रजेचा मेसेज आणि फिटनेस सर्टिफिकेट

"शिरोली एमआयडीसीत कँटीनला आहे. हिपॅटायटिस ए ची कावीळ उतरली, आता साहेबांना काय लिहू?"

असं पाठवा, तारखा तुमच्या घाला: 'नमस्कार साहेब, हिपॅटायटिस ए मुळे ३ ते २३ जून कामावर येऊ शकलो नाही. ही वैद्यकीय रजा मंजूर करावी. २४ तारखेला फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर होतो.'

नुसतं 'कावीळ' नको, लोक हिपॅटायटिस बी-सी समजून बिचकतात. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव, डोळे पिवळे झाल्याची तारीख, रुजू होण्याची तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. पिवळेपणा आल्यापासून साधारण आठवडाभर संसर्ग पसरू शकतो, म्हणून जेवण वाढणाऱ्याच्या बाबतीत ती पहिली तारीख साहेब आधी बघणार. यकृताच्या रक्ततपासणीतला एसजीपीटी मात्र काही आठवडे चढाच राहू शकतो. तेवढ्यावरून एचआरने अडवलं, तर डॉक्टरांकडून 'आता संसर्गजन्य नाही' ही ओळ लिहून घ्या.