नवरदेवाचं पॅकेज: वेगळं उत्पन्न की गर्दीच्या दिवशी ओढवून घेतलेला व्याप?

चौथीखुर्ची
माझं पुरुषांचं सलून आहे. चार खुर्च्या, मला धरून चार कारागीर. लग्नसराईत नवरदेव येतात, शेवटच्या दोन दिवसांत सगळं करून मागतात आणि पुन्हा दिसत नाहीत. नवरदेव आणि त्याच्या घरची मंडळी यांच्यासाठी पॅकेज काढावं असं डोक्यात आहे. कटिंग, दाढी, फेशियल, कलर, हातापायांची निगा, सगळं एकत्र आणि वर थोडी सूट. यातून खरंच जास्तीचं उत्पन्न निघतं का? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणानं सांगावं.

जुनावस्तरा
मी दोन सीझन केलं आणि बंद केलं. एकदा सात जणांचं बुकिंग होतं, शनिवार सकाळ. आले नऊ जण, तेही तासभर उशिरा. चारही खुर्च्या दुपारपर्यंत अडकल्या. त्या वेळात माझी तीन रोजची गिऱ्हाइकं दारातून परत गेली. त्यातले एक गृहस्थ दर तीन आठवड्यांनी यायचे, म्हणजे वर्षाला सतरा वेळा. ते पुन्हा आलेच नाहीत. नवरदेव आयुष्यात एकदा येतो आणि त्याला तुम्ही सूटही देता. एकदाच येणाऱ्यासाठी सतरा वेळा येणारा घालवायचा, हा कुठला धंदा? माझं मत स्पष्ट आहे, या भानगडीत पडू नका.

हिशेबवही
वस्तरादादा, तुमचं नुकसान पॅकेजनं केलं नाही, शनिवारनं केलं. मी पाच वर्षं हेच काम करते आणि माझा अनुभव असा की पॅकेज म्हणजे सेवांची यादी नव्हे, तारखांची यादी. नवरदेवाला फेशियल सगळेच देतात. कुठलं काम लग्नाच्या किती दिवस आधी करायचं हे त्याला कोणी सांगत नाही, आणि पैसे त्याचेच मिळतात.

माझ्याकडे पहिली बैठक लग्नाच्या सहा आठवडे आधी. त्या दिवशी केसांना आकार देते, दाढी ठेवायची की काढायची ते ठरवते आणि विचारते की मुरुमांसाठी गोळ्या किंवा रात्री लावायचं क्रीम चालू आहे का. हा प्रश्न चुकवू नका. रेटिनॉलसारखं क्रीम चालू असेल तर वॅक्सच्या पट्टीबरोबर वरची कातडी निघते. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेत असेल तर वॅक्स आणि पील दोन्हीला मी नाही म्हणते, गोळ्या थांबवल्यावरही सहा महिने.

पहिलं फेशियल चार आठवडे आधी. काही उठलंच तर निवळायला वेळ असतो. दुसरं करायचं तर दहा-बारा दिवस आधी, आणि शेवटच्या आठवड्यात चेहऱ्यावर नवीन काहीही नाही. कलर आणि मुख्य कटिंग पाच ते सात दिवस आधी. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे पाच दिवसांत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. वर ते दिसत नाहीत, फक्त मान आणि कानामागची रेघ दिसते. म्हणून आदल्या दिवशी अर्धा तास: मान, कानाजवळची रेघ, दाढीची कड, नखं. संपलं.

आता खुर्चीचा वेळ मोजा. पहिली बैठक ४५ मिनिटं, फेशियल ७५, कटिंग-कलर ९० आणि शेवटची ३०. एकूण चार तास. त्यातला गर्दीच्या दिवशी पडतो फक्त शेवटचा अर्धा तास, बाकीचे साडेतीन तास मी मंगळवार-बुधवार दुपारी घेते, जेव्हा खुर्ची तशीही रिकामी असते. घरचे पाच जण धरा, कटिंग आणि कलरला प्रत्येकी ७५ मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. दोन खुर्च्यांवर ते आठवड्याच्या मधल्या एका दुपारी उरकतं. सगळं मिळून सव्वादहा तासांचं काम, आणि शनिवारी त्यातला अर्धा तास. तुम्ही सगळंच शनिवारी घेतलंत.

झटपटकात्री
हिशेबवहीताईंचं वेळापत्रक आवडलं, पण सहा आठवडे आधी कोण येतो? माझ्याकडे बहुतेक आठवडाभर आधी उगवतात. मी त्यांना परत पाठवत नाही. कलरसाठी कानामागे थोडा लावतो, अर्धा तास थांबतो. काही झालं नाही की पुढे जातो. इतक्या वर्षांत त्रास झाला नाही.

हिशेबवही
कानामागे लावता हे चांगलंच, बरेच जण तेवढंही करत नाहीत. पण अर्ध्या तासात फक्त लगेच होणारी जळजळ कळते. डायची खरी अॅलर्जी उशिरा येते, एक ते तीन दिवसांनी. गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याला शरीर सावकाश उत्तर देतं. म्हणून ४८ तास थांबायचं, आणि आधी कधी डाय लावून त्रास झाला नव्हता म्हणून सूट द्यायची नाही. अॅलर्जी दहाव्या वेळीही सुरू होऊ शकते. हातावर काळा तात्पुरता टॅटू काढला होता का, हेही विचारा. त्यात बऱ्याचदा हेच रसायन खूप जास्त असतं, आणि तिथे एकदा पुरळ उठलं असेल तर केसांना हा डाय नकोच.

आठवडाभर आधी आलेल्याला मीही परत पाठवत नाही. त्याला फेशियल देत नाही, एवढंच. कटिंग, दाढी, नखं आणि पॅच टेस्ट पार पडली तर कलर. छोटं पॅकेज, पूर्ण दर.

मुलाचाबाप
मी सलूनवाला नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एका सलूनमध्ये गेलो. मुलाचं फेशियल झालं, नाकावरचे काळे ठिपके दाबून काढले, वर ब्लीच. सकाळी दोन्ही गाल आणि नाकाच्या बाजू लाल, हात लावला तरी आग. फोटो काढणाऱ्यानं मेकअप मागवला. मी स्वतः त्याच दिवशी पहिल्यांदा मिशी काळी केली होती. वरच्या ओठाच्या कातडीवर काळी पट्टी उमटली ती चार दिवस गेली नाही, आणि सगळ्या फोटोंत ती आहे. त्या दिवशी आम्हाला कोणीतरी "आज नको" म्हणायला हवं होतं. आम्ही वर पैसे द्यायला तयार होतो, म्हणून कोणी म्हणालं नाही.

हिशेबवही
काका, वाईट वाटलं वाचून. पहिल्यांदा कलर करणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी आता तीन आठवडे आधीच बोलावते, आणि एकदम काळा न देता त्यांच्या मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा फिकट देते. नुसता काळा चेहऱ्यावर टोपीसारखा बसतो. ओठावर आणि केसांच्या कडेला आधी पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला तर पट्टी उमटत नाही. मिशीला वेळही केसांपेक्षा कमी ठेवते आणि दर दोन मिनिटांनी पुसून बघते.

आरसाआणिउजेड
नवरीच्या पॅकेजमध्ये यापेक्षा कितीतरी जास्त पैसा आहे. मेकअप, केशरचना, ट्रायल, घरच्या बायकांचा मेकअप. तुम्ही तेच का करत नाही? एक मेकअप आर्टिस्ट ठेवा, बस.

चौथीखुर्ची
माझं पुरुषांचं सलून आहे ताई. वेगळी खोली नाही, त्या कामाचा कारागीर नाही. प्रश्न नवरदेवाचाच आहे.

जुनावस्तरा
हिशेबवहीताई, हिशेब पटला, पण घरचे पाच जण मंगळवारी दुपारी येतील हे गृहीत कसं धरता? नोकरी करणारे आहेत, कोणी बाहेरगावाहून आदल्या दिवशी पोचतो. माझ्याकडे मंगळवार सांगितला की "बघतो" म्हणायचे आणि शनिवारी सकाळी दारात हजर. तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगता? लग्नघराला नाही म्हणणं तोंडानं सोपं असतं.

हिशेबवही
हे खरं आहे आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पाचातले तीन मधल्या दिवशी आले तरी मी खूश असते. त्यासाठी सरसकट सूट बंद केली. मधल्या दिवशी आलात तर कमी दर, शुक्रवार-शनिवारी पूर्ण दर, आणि हे बुकिंग करतानाच लिहून देते. बाहेरगावच्यांसाठी शनिवारी एकच खुर्ची, सकाळची पहिली दोन तासांची वेळ, त्यात फक्त कटिंग-दाढी. ती खुर्ची भरली की भरली. नऊ जण आले तर चौघांना मीही परत पाठवलंय, आणि त्या घरानं नाराजी धरली तीही सोसली.

आगाऊ रक्कम प्रत्येक माणसामागे घ्या, घरामागे नको. घरामागे घेतली की माणसं वाढत जातात. तुमचे सातचे नऊ झाले ते त्यामुळेच असावं.

झटपटकात्री
आगाऊ रकमेबद्दल माझं वेगळं म्हणणं आहे. लग्न पुढे ढकललं तर? माझ्याकडे एकदा झालं. घरात मृत्यू होता, मी सगळे पैसे परत केले. चार बैठकांपैकी दोन होऊन गेल्या होत्या, त्याचेही.

जुनावस्तरा
झालेल्या कामाचे पैसे परत करायचे नसतात, दादा. मन मोठं ठेवा, पण दोन बैठका तुमच्या कारागिरानं केल्या होत्या, त्याचा घाम फुकट का?

हिशेबवही
मी झालेल्या बैठका पूर्ण दरानं वजा करते आणि उरलेलं सहा महिन्यांपर्यंत जमा ठेवते. मृत्यू असेल तर मात्र परत देते. नियमात हे लिहिलेलं नाही आणि लिहावं का हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौथीखुर्ची
सगळ्यांचे आभार. वस्तरादादांची शनिवारची गोष्ट वाचून मी मागच्या लग्नसराईची वही काढली. मंगळवार ते गुरुवार, दुपारी एक ते चार, चारपैकी सरासरी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. म्हणजे आठवड्याला अठरा तास. हिशेबवहीताईंच्या मापानं एका घराचे शनिवारबाहेरचे पावणेदहा तास आहेत, आणि ते सहा आठवड्यांत विभागलेले. तरी आठवड्याला एकच घर घेईन, तेही फक्त चार-पाच घरं, आणि घरचे किती जण खरंच मधल्या दिवशी आले ते लिहून ठेवेन. फेशियल नीट येणारा कारागीर माझ्याकडे एकच आहे, तो सुट्टीवर असला तर काय, हे अजून सुटलेलं नाही.

जुनावस्तरा
त्या एकाला लग्नाच्या आठवड्यात सुट्टी नाही हे आत्ताच सांगून ठेवा, आणि त्याचा मोबदला वेगळा ठरवा. माझा तसा कारागीर दुसऱ्या सीझनला सोडून गेला, तेही पॅकेज बंद करायचं एक कारण होतं. वर लिहिलं नव्हतं.