शब्दचर्चा: ‘स्पेशालिस्ट’ला तज्ज्ञ म्हणायचं का?

केतकी: अमेरिकी सैन्यावरच्या एका कथेचा अनुवाद करतेय. त्यातल्या ‘स्पेशालिस्ट’ला मी तज्ज्ञ केलंय, पण तो ट्रक चालवतो आणि जो तो त्याच्यावर डाफरतो. शिवाय चाळिशीचा सार्जंट बावीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंटला ‘सर’ म्हणतो. सार्जंटही ‘नॉन-कमिशन्ड ऑफिसर’, म्हणजे एनसीओ, ना? मग दोघांनाही ‘अधिकारी’ म्हणू का?

शंतनू: सोपं आहे. शिपाई, कॉर्पोरल, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन अशी शिडी असते. सार्जंट एक पायरी खाली, म्हणून सर म्हणतो.

दळवी: क्रम बरोबर, पण शिड्या दोन आहेत. सार्जंट कितीही चढला तरी त्याच्या शिडीच्या टोकाला सार्जंट मेजर असतो. पुढची पायरी लेफ्टनंट नसते. लेफ्टनंटचा अधिकार राष्ट्रप्रमुखाच्या नावाने मिळालेल्या कमिशनमधून, म्हणजे नेमणुकीच्या सनदेतून येतो. म्हणून पंचवीस वर्षं नोकरी झालेला सार्जंट मेजरही पहिल्या दिवसाच्या लेफ्टनंटला सॅल्यूट करतो.

आणि केतकीताई, ‘अधिकारी, एनसीओ, सैनिक’ असे तीन सुटे डबे करू नका. अमेरिकेत ‘एनलिस्टेड’मध्ये ई-१ ते ई-९ या पगारश्रेणींतले सगळे येतात, सार्जंटही त्यातलाच. शिपायांतूनच वर आलेला, त्यांच्यावर हुकूम चालवणारा. तुमचा स्पेशालिस्ट ई-४. कॉर्पोरलही ई-४, पगार तोच. पण कॉर्पोरल एनसीओ आहे, स्पेशालिस्ट नाही. कॉर्पोरलकडे माणसं सोपवलेली असतात, स्पेशालिस्टकडे बहुधा नसतात. त्यामुळे ‘तज्ज्ञ’ नकोच.

अपर्णा: माझा भाचा तिकडेच आहे. पदवी घेऊन सैन्यात गेला, तर थेट स्पेशालिस्ट झाला. त्याची आई सगळ्यांना तो अधिकारी झाला म्हणून सांगते. पदवी आहे म्हणजे अधिकारीच ना?

दळवी: नाही हो. पदवीमुळे त्याला खालच्या पायऱ्या माफ झाल्या, एवढंच. अधिकारी व्हायचं तर वेगळी निवड, वेगळं प्रशिक्षण आणि कमिशन. शिपायांतूनही माणसं निवडून तिकडे पाठवतात, पण ती दुसऱ्या शिडीवर उडी असते, नेहमीची बढती नव्हे. आईला आत्ताच सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

केतकी: कथेत हा स्पेशालिस्ट म्हणतो की माझे गुण मित्रापेक्षा जास्त, तरी तो सार्जंट झाला आणि मी राहिलो. वशिला?

दळवी: वशिला असेलच असं नाही. ई-४ पर्यंतची बढती बहुतेक नोकरीच्या काळावर मिळते, साधारण दोन वर्षांत. सार्जंट व्हायला मात्र आधी वरिष्ठांची शिफारस लागते. मग शारीरिक चाचणी, नेमबाजी, अभ्यासक्रम, पदकं यांचे गुण धरतात आणि प्रत्येक कामासाठी दर महिन्याला वेगळा कटऑफ लागतो. ट्रकचालकांत सार्जंटच्या जागा भरलेल्या असतील तर कटऑफ चढतो. मित्राच्या कामात जागा रिकाम्या असतील तर उतरतो. कमी गुणांचा मित्र पुढे जातो तो असा. वशिला शोधायचाच तर शिफारशीच्या टप्प्यावर शोधा.

शंतनू: आणि अधिकारी? ते तर वर्षं भरली की चढतातच.

दळवी: कॅप्टनपर्यंत तसं म्हणायला हरकत नाही. दीड वर्षात फर्स्ट लेफ्टनंट, चारेक वर्षांत कॅप्टन, आणि फारसे कोणी गळत नाहीत. मेजरसाठी दहाएक वर्षांनी निवड मंडळ बसतं. ते उमेदवाराला समोर बोलावत नाही, फक्त त्याची फाइल वाचतं. वरिष्ठाने मूल्यमापनात ‘चांगला’ लिहिलं आणि बाकी सगळ्यांना ‘उत्तम’ मिळालं, तर तो ‘चांगला’च नडतो. दोनदा डावललं की बहुतेकांना घरी जावं लागतं. 1980 च्या कायद्यापासून तिथे तसं आहे. सगळ्या सैन्यांत इतकं कडक नसतं. भारतात लेफ्टनंट कर्नलपर्यंत वर्षांवर जाता येतं, खरी चाळणी कर्नलला लागते.

शंतनू: मग सार्जंटला सरळ ‘हवालदार’ करा. बाहीवर तीन पट्ट्या दोघांच्याही.

अपर्णा: हवालदार म्हटलं की मला पोलीस दिसतो.

दळवी: हुद्द्याने हवालदार बरोबर आहे. पण लेफ्टनंट इंग्रजीत आणि सार्जंट मराठीत, हे कानाला खटकेल. मी ‘सार्जंट’च ठेवेन. आणि एक बघा, तिथला शिपाई सार्जंटला ‘सर’ म्हणत नाही, ‘सार्जंट’ म्हणूनच हाक मारतो. चुकून सर म्हटलं की ‘सर काय म्हणतोस, मी काम करून खातो’ असं ऐकावं लागतं. मराठीत आदरापोटी सगळीकडे ‘सर’ घातलंत तर हा विनोद मरेल.

केतकी: दोन ठिकाणी घातलंय, काढते. आणि ‘एनसीओ’ला मराठीत काय?

शंतनू: बिगरकमिशन अधिकारी.

अपर्णा: हे वाचून कोणाला काय कळणार?

केतकी: ‘अधिकारी’ शब्द आला की पुन्हा तोच घोळ. तूर्त ‘एनसीओ’च लिहिते. कोणाला बरं सुचलं तर सांगा.